नोटीस बायआउटबद्दल रिक्रूटरला विचारताना या चुका टाळा

पुण्यात आयटीतली नोकरी बदलायला निघालं की पहिल्याच फोनवर प्रश्न येतो, "नोटीस किती?" 90 दिवस म्हटलं की समोरचा जरा गप्प होतो. मग आपणच घाईघाईने विचारतो, "तुमच्याकडे बायआउट मिळतं का?" म्हणजे नोटीस पूर्ण न केल्याबद्दल जुन्या कंपनीला द्यावे लागणारे पैसे नवी कंपनी भरून देते का. उत्तर येतं, "हो हो, होऊन जाईल." या "होऊन जाईल"वर राजीनामा टाकणारे लोक दर महिन्याला भेटतात. त्यात रिक्रूटर खोटं बोलतो असं नाही. किती दिवस, किती रुपये हे आपण सांगितलेलंच नसतं, आणि बऱ्याचदा पैसे मंजूर करण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो.

आपलंच अपॉइंटमेंट लेटर न वाचता विचारणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. रिक्रूटरशी बोलण्याआधी लेटरमधलं नोटीसचं कलम काढा आणि दोन गोष्टी शोधा. पहिली, पैसे भरून लवकर सुटणं हा तुमचा हक्क आहे की कंपनीच्या मर्जीवर आहे. बहुतेक लेटरमध्ये ते कंपनीच्या मर्जीवर ठेवलेलं असतं. म्हणजे नवी कंपनी पैसे द्यायला तयार असली तरी जुना मॅनेजर "पूर्ण 90 दिवस काढा" म्हणू शकतो. दुसरी गोष्ट, वसुली बेसिकवर होते की ग्रॉसवर.

हा फरक किती मोठा आहे ते हिशोब केल्यावरच कळतं. समजा हिंजवडीतल्या एका टेस्टरचा ग्रॉस पगार महिना 90,000 आणि बेसिक 40,000 आहे. नोटीस 90 दिवसांची, नव्या कंपनीला ही टेस्टर 45 दिवसांत हवी. कमी पडणारे दिवस 45. बेसिकवर वसुली असेल तर 60,000 रुपये, ग्रॉसवर असेल तर 1,35,000. तिच्या खात्यावर 12 दिवसांची अर्जित रजा आहे आणि जुनी कंपनी ती नोटीसमध्ये वळती करते असं धरलं, तर उरतात 33 दिवस, म्हणजे बेसिकने 44,000 किंवा ग्रॉसने 99,000. आता तिच्याकडे मागायला एक आकडा आहे. तो नसेल तर रिक्रूटर पुढे कुणाला काय विचारणार?

चुकीच्या माणसाला, चुकीच्या वेळी

फोन करणारा कन्सल्टन्सीचा आहे की कंपनीच्या स्वतःच्या एचआर टीममधला, हे आधी ओळखा. कन्सल्टन्सीवाल्याला तुम्ही जॉइन झालात की कमिशन मिळतं, त्यामुळे तो "हो"कडेच झुकतो. तो फार तर निरोप पोचवेल. कबुली कंपनीच्या एचआरकडूनच घ्यायची.

पहिल्या फोनवर बायआउट मागायची गरज नाही. तिथे खरं तेवढं सांगा: "नोटीस 90 दिवसांची आहे, अर्ली रिलीजसाठी बोलता येईल." कॉल यावा म्हणून पोर्टलवर "30 दिवस" लिहून ठेवलं असेल तर ते आजच बदला. ऑफरच्या वेळी हे उघडं पडलं की बायआउट सोडा, ऑफरच डगमगते. मागणीची योग्य वेळ म्हणजे टेक्निकल राउंड झालेत, पगार ठरलाय, पण ऑफर लेटर अजून यायचंय. पगार ठरायच्या आधी मागितलं तर ती रक्कम पॅकेजमधून कापली जाण्याची शक्यता असते, आणि ऑफर स्वीकारल्यावर मागितलं तर समोरच्याला पुन्हा मंजुरी काढायचा कंटाळा येतो.

मोघम शब्द

"काहीतरी बघा ना" किंवा "बायआउट दिलात तरच येईन", दोन्ही वाक्यं कामाची नाहीत. पहिल्याला उत्तर देता येत नाही, दुसरं धमकीसारखं वाटतं. त्यांना लवकर माणूस हवाय, ही तुमची बाजू आहे. मागणी तिथूनच सुरू करा. मेल तुम्ही इंग्रजीत लिहाल, पण मुद्द्यांचा क्रम हाच ठेवा:

"नमस्कार मॅम, ऑफरबद्दल आभार. आपण 45 दिवसांत जॉइनिंगबद्दल बोललो होतो. माझी नोटीस 90 दिवसांची आहे. जुन्या कंपनीने लवकर सोडायला मान्यता दिली, तर 45 दिवसांच्या नोटीसची वसुली बेसिकवर साधारण 60,000 रुपये होईल. ही रक्कम कंपनी परत करू शकेल का? शक्य असेल तर कमाल मर्यादा, पैसे कोणत्या पगारासोबत मिळतील आणि कोणती कागदपत्रं लागतील, हे ऑफर लेटरमध्ये येऊ शकेल का?"

फोनवर बोलणं झालं तरी संध्याकाळी हा मेल टाकाच. "दुपारी बोलल्याप्रमाणे" अशी सुरुवात केली की पुरे.

तोंडी "हो"वर राजीनामा

लेखी आलेलं वाक्यही नीट वाचा. "नोटीस बायआउट कंपनीच्या धोरणानुसार" असं लिहिलं असेल, तर ते धोरण मागून घ्या. त्यात 30 दिवसांची किंवा ठरावीक रकमेची मर्यादा असू शकते. वर्षभराच्या आत नोकरी सोडली तर पैसे परत करायची अट बहुधा असतेच, ती मान्य आहे का ते आधीच ठरवा. "जॉइनिंग बोनसमध्येच धरू" असं कुणी म्हणालं तर सरळ विचारा, "बोनस ठरला होता त्याव्यतिरिक्त, की त्यातच?" इथे बरेच जण संकोचतात आणि स्वतःच्याच बोनसमधून स्वतःची नोटीस भरतात.

पैसे आधी तुमच्याच खिशातून जातात, हेही लक्षात ठेवा. जुनी कंपनी ते फुल अँड फायनलमधून, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशोबातून कापते, ते पुरलं नाही तर भरून घेते आणि मगच रिलीव्हिंग लेटर देते. नवी कंपनी सेटलमेंटचा कागद पाहून नंतरच्या पगारात रक्कम परत करते. मधला महिना-दीड महिना ईएमआय कसा भागवायचा, याचा विचार करूनच एलडब्ल्यूडी, म्हणजे कामाचा शेवटचा दिवस ठरवा.

परत मिळणारी रक्कम पगारात धरून तिच्यावर टीडीएस कापला जातो. 20 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर सेससकट 20.8 टक्के, म्हणजे 60,000 मधले 12,480 गेले आणि हातात 47,520 आले. त्यामुळे "कर धरून रक्कम वाढवून मिळेल का?" हा प्रश्न विचारण्यात गैर काही नाही. नाही म्हटलं तरी ऑफर जात नाही. जुन्या कंपनीने वसुलीवर जीएसटी लावलाच, तर केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं 3 ऑगस्ट 2022 चं 178 क्रमांकाचं सर्क्युलर दाखवा. अशा वसुलीवर जीएसटी लागत नाही, असं त्यात स्पष्ट केलेलं आहे.

"आमच्याकडे बायआउट नाही" असं उत्तर आलं तर

लगेच माघार घेऊ नका. बायआउटचं धोरण नसलं तरी जॉइनिंग बोनसची तरतूद असू शकते. तेच पैसे त्या नावाने मागा. तेही नाही म्हणाले तर जॉइनिंगची तारीख पुढे मागा: "60 दिवस दिलेत तर रजा वळती करून मी माझ्या बाजूने जमवते." टेस्टरच्या हिशोबात 60 दिवस कामाचे आणि 12 रजेचे धरले की 18 दिवस उरतात. बेसिकने ते 24,000 रुपये होतात, आणि एवढ्यासाठी एखादा मॅनेजर फुकटातही सोडतो.

नवी कंपनी तयार आहे पण जुनी सोडत नाही, अशी वेळ आली तर रिक्रूटरपासून लपवू नका. त्याच दिवशी कळवा: "मॅनेजरने अजून मान्यता दिलेली नाही, शुक्रवारपर्यंत एचआरकडून लेखी उत्तर मागितलं आहे. नकार आला तर जॉइनिंग अमुक तारखेला ठेवता येईल का?" लॅपटॉप टेबलावर ठेवून निघून जाण्याचा सल्ला देणारे मित्र असतातच. रिलीव्हिंग लेटर नसेल तर नव्या कंपनीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये तुम्हीच अडकता, आणि तोवर बायआउटचे पैसेही अडकून पडतात, कारण परतफेडीसाठी लागणारा सेटलमेंटचा कागद जुनी कंपनी देतच नाही.