डाळमिलच्या हिशेबात यंत्राचा घसारा: या चुका टाळा

डाळमिलमध्ये रंगानुसार डाळ निवडणारे नवे सॉर्टेक्स यंत्र बसते, तेव्हा त्याचे पैसे एकदाच जातात, पण डाळ ते पुढची अनेक वर्षे निवडत राहते. हिशेबातील बहुतेक चुका या दोन कालावधींची गल्लत झाल्यामुळे होतात. ज्या वर्षी पैसे गेले त्याच वर्षी सगळा खर्च दाखवला जातो, किंवा कर्जाचा हप्ता जसजसा भरला जाईल तसतसा तो खर्चात टाकला जातो. या दोन्ही रीतींनी त्या वर्षाचा खरा नफा समजत नाही. यंत्राची किंमत त्याच्या कामाच्या वर्षांत वाटून दरवर्षी खर्चात टाकलेला भाग म्हणजेच घसारा.

लातूरमधील एका भागीदारी डाळमिलचे उदाहरण घेऊ; त्यातील आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. दोन भागीदारांचा वाटा निम्मा-निम्मा आहे. यंत्राची किंमत 18 लाख रुपये, वाहतूक 60 हजार, आणि पाया, क्रेन, वायरिंग व जोडणी मिळून 1 लाख 40 हजार रुपये. हे सगळे खर्च झाल्याशिवाय यंत्र डाळ निवडू शकत नव्हते, म्हणून यंत्राची हिशेबी किंमत 20 लाख रुपये होते. मुनीम पुष्कळदा वाहतूक गाडीभाडे खात्यात आणि पाया व वायरिंग दुरुस्ती खात्यात टाकतात. तसे केले तर दोन लाखांचा बोजा एकाच वर्षावर पडतो आणि पुढील सर्व वर्षांचा घसारा कमी निघतो.

बिलावरील जीएसटीचा विचार इथेच करावा. त्या कराचे क्रेडिट घेतले असेल, तर तो यंत्राच्या किमतीत धरता येत नाही, कारण क्रेडिट आणि त्याच रकमेवर घसारा असे दोन्ही लाभ कायद्याने मिळत नाहीत. मात्र मिलची सर्व विक्री करमुक्त असेल आणि त्यामुळे क्रेडिट मिळणारच नसेल, तर तो कर किमतीचाच भाग होतो. डाळमिलच्या बाबतीत हा प्रश्न तपासल्याशिवाय सोडू नये, कारण मोठ्या पोत्यांतील विक्री आणि लेबल लावलेल्या लहान पाकिटांची विक्री यांना जीएसटीचे नियम वेगवेगळे लागतात. आपल्या उदाहरणात क्रेडिट घेतले आहे, असे धरू.

आता समजा, यंत्र दहा वर्षे चालेल आणि शेवटी त्याचे 2 लाख रुपये येतील, असा अंदाज आहे. म्हणजे 20 लाखांतून हे भंगाराचे 2 लाख वजा करून उरलेले 18 लाख रुपये दहा वर्षांत वाटायचे. स्थिर हप्ता पद्धतीने वर्षाला 1 लाख 80 हजार रुपये घसारा होतो. यंत्र ऑक्टोबरमध्ये आले, पण जोडणी आणि चाचणी पूर्ण होऊन ते 1 जानेवारीला, नव्या तुरीच्या आवकेच्या सुमारास, वापरायला तयार झाले. घसारा बिलाच्या तारखेपासून सुरू करणे चूक आहे आणि पहिल्या वर्षी पूर्ण वर्षाचा धरणेही चूक आहे. यंत्र कामाला तयार झाल्यापासून 31 मार्चपर्यंत तीन महिने होतात, म्हणून पहिल्या वर्षाचा घसारा 45 हजार रुपये. नोंद साधी आहे: घसारा खाते नावे 45,000, एकत्रित घसारा खाते जमा 45,000.

या वाटणीमुळे काय फरक पडतो, हे भागीदार निवृत्त होताना स्पष्ट दिसते. पुढचे पूर्ण वर्ष संपल्यावर एक भागीदार बाहेर पडला, असे समजू. तोपर्यंतचा घसारा 2 लाख 25 हजार रुपये झाला आणि त्याच्या वाट्याला 1 लाख 12 हजार 500 रुपये आले. पण 20 लाख रुपये पहिल्याच वर्षी खर्चात टाकले असते, तर त्याच्या भांडवलातून 10 लाख रुपये वजा झाले असते, आणि सव्वा वर्षच चाललेल्या यंत्राचे पुढचे सगळे काम राहिलेल्या भागीदाराला जवळजवळ फुकट मिळाले असते. निवृत्तीच्या वेळी मालमत्तेचे पुनर्मूल्यांकन करून ही चूक सुधारता येते, हे खरे आहे. परंतु जे यंत्र ताळेबंदात दिसतच नाही, त्याचे मूल्यांकन करायची आठवण कोणाला होणार? घसारा ही मला कोरडी औपचारिकता वाटत नाही, त्याचे कारण हेच आहे. त्यावर माणसांचे हक्काचे पैसे अवलंबून असतात.

कर्जाच्या हप्त्याची चूकही याच जातीची आहे. हप्त्यातील व्याज हा खर्च आहे, मुद्दल मात्र देणे फेडणे आहे. यंत्र कर्जावर घेतले काय किंवा रोखीने घेतले काय, वर्षाचा घसारा तोच राहतो. नफा-तोटा पत्रकात पूर्ण हप्ता आणि घसारा दोन्ही दिसत असतील, तर यंत्राचा खर्च दोनदा लागला आहे, असे समजावे.

पाऊस कमी झाला, तूर आली नाही आणि मिल अर्धी बंद राहिली, अशा वर्षी घसारा न लिहिण्याचा मोह होतो. कारण सांगितले जाते की यंत्र फारसे चाललेच नाही. यावर नीट विचार करायला हवा. यंत्राची झीज खरोखर कामानुसार होत असेल, तर सुरुवातीपासून उत्पादनावर आधारित पद्धत निवडता येते: एकूण 3 लाख 60 हजार क्विंटल डाळ निवडली जाईल असा अंदाज असेल, तर 18 लाखांचा क्विंटलमागे 5 रुपये घसारा होतो आणि 20 हजार क्विंटलच्या वर्षी तो 1 लाख रुपये येतो. पण सॉर्टेक्सच्या बाबतीत मला ही पद्धत पुरेशी वाटत नाही. त्यातील कॅमेरे आणि इलेक्ट्रॉनिक भाग बंद शेडमध्येही जुने होतात आणि बाजारात अधिक अचूक यंत्रे येतच राहतात. म्हणून वेळेनुसार घसारा अधिक सुरक्षित आहे, आणि ती पद्धत घेतली की तोट्याच्या वर्षीही तो लिहावाच लागतो. आयकरातही मागितला नाही तरी घसारा मिळाला असे धरले जाते. यंदा सोडून पुढच्या वर्षी घेऊ, असे करता येत नाही.

आयकराचा तक्ता मात्र वेगळा ठेवावा. तेथे सर्वसाधारण यंत्रांचा दर ऱ्हासमान शेष पद्धतीने 15 टक्के आहे, भंगार किंमत वजा होत नाही आणि पहिल्या वर्षी वापर 180 दिवसांपेक्षा कमी असेल तर निम्माच घसारा मिळतो. आपल्या यंत्राला, अतिरिक्त घसारा न धरता, पहिल्या वर्षी 1 लाख 50 हजार आणि दुसऱ्या वर्षी उरलेल्या 18 लाख 50 हजारांवर 2 लाख 77 हजार 500 रुपये मिळतील. पुस्तकातील 45 हजार आणि 1 लाख 80 हजार यांच्याशी हे आकडे जुळत नाहीत आणि जुळवू नयेत, कारण कराचा दर तुमच्या यंत्राचे आयुष्य पाहून ठरलेला नसतो.

चूक शोधण्यासाठी दोन वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवावेत. खरेदी-विक्री नसताना यंत्राची निव्वळ किंमत तीच राहिली असेल, तर घसारा लिहिलेला नाही. दुरुस्ती खाते एखाद्या वर्षी अचानक फुगले असेल, तर त्यात यंत्राचा किंवा जोडणीचा खर्च दडला असण्याची शक्यता आहे. बिले काढून पाहावीत.

आयुष्याचा अंदाज नंतर चुकीचा निघाला, तर मागच्या वर्षांचे हिशेब बदलू नयेत. सव्वा वर्षानंतर यंत्राची पुस्तकी किंमत 17 लाख 75 हजार रुपये आहे आणि आता ते आणखी पाचच वर्षे चालेल असे दिसते, असे समजा. भंगाराचे 2 लाख वजा करून उरलेले 15 लाख 75 हजार रुपये पुढील पाच वर्षांत वाटावेत, म्हणजे दरवर्षी 3 लाख 15 हजार रुपये घसारा लिहावा आणि अंदाज का बदलला याचे कारण हिशेबाच्या टिपेत नमूद करावे.