नवे बूट चावले आणि फोड आला, आता फोडायचा की ठेवायचा?

दरवर्षी वारीला कोणी ना कोणी नवेकोरे बूट घालून निघतं आणि पुणे-सासवडच्या मोठ्या टप्प्यात, दिवेघाट चढताना टाचेला फोड येतोच. वाटतं की बुटाने कातडी घासली, पण खरं म्हणजे कातडी ओल्या सॉक्सला चिकटून बसते आणि आतलं हाड प्रत्येक पावलाला पुढेमागे सरकतं, त्या ओढाताणीत कातडीचे थर सुटतात आणि मधे पाणी भरतं. पावसात म्हणूनच जास्त होतं.

आधी नुसती जळजळ होते. तेव्हाच थांबा, "पुढच्या विसाव्याला बघू" नको. पाय पुसून पूर्ण कोरडा करा आणि त्या जागी मेडिकलमधे मिळणारी कागदी चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावा, कोपरे कात्रीने गोल केले तर लवकर निघत नाही.

फोड आलाच, आणि छोटा आहे, फार दुखत नाही, तर हात लावू नका. वरची कातडी हेच सगळ्यात चांगलं ड्रेसिंग.

मोठा, टम्म फुगलेला, पाय टेकवत नाही असा असेल तर पाणी काढा. साबणाने हात आणि फोड धुवा, पाकीटबंद नवी सुई घ्या (साडीची पिन नको हो), फोडाच्या कडेला खालच्या बाजूने दोन-तीन भोकं पाडा आणि स्वच्छ गॉजने हलकेच दाबा. कातडी अजिबात सोलायची नाही. पाणी परत भरलं तर परत असंच करायचं. रक्त भरलेला फोड मात्र फोडू नका, आणि शुगर असेल किंवा पायाला मुंग्या-बधिरपणा असेल तर स्वतः काहीच न करता डॉक्टरकडे जा.

वरून थोडं व्हॅसलिन, न चिकटणारा गॉज, मग पट्टी. चिकटपट्टी थेट फोडावर लावली तर काढताना कातडी तिच्यासोबत येते. कातडी आधीच निघाली असेल तर जेलसारखी हायड्रोकोलॉइड पट्टी बेस्ट, स्वच्छ धुवून लावा आणि ती स्वतःहून सुटेपर्यंत काही दिवस राहू द्या. पण पू, पसरणारी लाली, गरमपणा किंवा ताप असेल तर ती न लावता आधी दाखवून या.

पुढच्या वेळी बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडा. महिनाभर आधीपासून रोज घालून चाला, अंतर हळूहळू वाढवा. कॉटनचे सॉक्स घाम धरून ठेवतात, त्यापेक्षा सिंथेटिक किंवा लोकरीचे बरे, आणि जास्तीची जोडी पिशवीत वरच ठेवा म्हणजे भिजले की लगेच बदलता येतात. टाच वरखाली होत असेल तर लेस सगळ्यात वरच्या भोकापर्यंत ओवून घट्ट बांधा. एवढं करूनही बूट चावत असेल तर सरळ जुनेच घाला.