तेरीज जुळत नसेल तर चूक कुठे शोधावी

तेरजेच्या दोन्ही बाजूंच्या बेरजा वेगळ्या आल्या की बहुतेक मुलं रोजकीर्दीपासून सगळं पुन्हा लिहायला घेतात. अकरावी वाणिज्यचे पेपर तपासताना मला हे दरवर्षी दिसतं आणि वाईट वाटतं, कारण चूक बरेचदा शेवटच्या पानावरच असते. म्हणून शोध उलटा घ्यावा: आधी तेरीज, मग खतावणी, शेवटी रोजकीर्द.

एका पेपरातली ही तेरीज पाहा. नावे बाजूला रोख ४१,२५०, खरेदी ३०,०००, भाडे २,५४० आणि उचल ३,०००, एकूण ७६,७९०. जमा बाजूला भांडवल ५०,०००, धनको १२,०००, विक्री १५,००० आणि दिलेली सूट ३००, एकूण ७७,३००. फरक ५१०.

सुरुवातीला फक्त बेरजा पुन्हा करा, पण या वेळी खालून वर. त्याच दिशेने केली तर डोळा तीच चूक पुन्हा करतो. हाताने लिहिलेल्या पेपरात आकडे सरळ रांगेत आहेत का, हेही इथेच बघा. शतकाचा आकडा दशकाखाली सरकलेला असतो, किंवा घाईत लिहिलेला १ बेरीज करताना ९ वाचला जातो. या पेपरात बेरजा बरोबर होत्या.

मग फरक समासात लिहून त्याला दोनाने भागा. एखादी रक्कम चुकीच्या बाजूला गेली तर एक बाजू तेवढ्याने कमी आणि दुसरी तेवढ्याने जास्त होते, म्हणजे फरक दुप्पट पडतो. ५१० चे निम्मे २५५, आणि २५५ तर पानावर कुठेच नाही. नऊने भागून पाहिलं तर पूर्ण भाग जात नाही. मुलं इथेच धीर सोडतात. पण याचा अर्थ एवढाच की चूक एकापेक्षा जास्त असू शकते, आणि दोन चुका एकमेकींचा फरक झाकतात.

आता आकडे सोडा आणि खात्यांची नावं वाचा. मालमत्ता, खर्च, तोटा आणि उचल नावे बाजूला. देणी, भांडवल आणि उत्पन्न जमा बाजूला. दिलेली सूट व्यवसायाचा तोटा आहे, तरी ती जमेला बसली आहे. मुलांचा सगळ्यात जास्त गोंधळ याच खात्यावर होतो, कारण मिळालेली सूट जमेला येते आणि दोन्हींचं नाव ‘सूट खाते’च असतं. ३०० रुपये नावे बाजूला आणले की बेरजा ७७,०९० आणि ७७,००० होतात. फरक उरला ९०.

९० ला नऊने पूर्ण भाग जातो. शेजारचे दोन अंक उलटसुलट लिहिले की फरक नेहमी नऊच्या पटीत येतो. शतक आणि दशकाचे अंक बदलले तर तो ९० च्या पटीत, आणि नेमका ९० आला तर त्या दोन अंकांत एकाचं अंतर असतं. नावे बाजूला असे अंक फक्त २,५४० मध्ये आहेत. भाडे खात्याची खतावणी काढली तर शिल्लक २,४५०. तेरजेत उतरवताना ४ आणि ५ ची अदलाबदल झाली होती. दुरुस्त केल्यावर दोन्ही बाजू ७७,००० झाल्या. (शून्य कमीजास्त झालं, म्हणजे ५,००० चे ५०० झाले, तरी फरक नऊच्या पटीतच येतो, ४,५०० पाहा.) दुरुस्ती करताना आकडा गिरवू नका. एका रेघेने खोडून वर स्वच्छ लिहा.

खतावणीतही काही सापडलं नाही तरच रोजकीर्दीकडे जा, आणि आधी तीन खाती असलेल्या नोंदी बघा. १५,००० च्या येण्यापोटी १४,७०० घेऊन हिशेब मिटवला असेल, तर नोंद अशी हवी:

रोख खाते नावे १४,७००
सूट खाते नावे ३००
ऋणको खात्याला १५,०००

हमखास चूक म्हणजे ऋणकोला १४,७०० च जमा देणं. मग मिटलेल्या खात्यावर ३०० ची शिल्लक उरते आणि तेरजेत नेमका ३०० चा फरक पडतो.

तेरीज जुळली तरी एकदा रोजकीर्दीवर नजर फिरवा. भाडे देताना भाडे खात्याऐवजी घरमालकाचं खाते नावे केलं असेल, किंवा एखादा व्यवहार पूर्ण राहूनच गेला असेल, तर दोन्ही बाजू जुळतात आणि गुण मात्र जातात. अशा वेळी प्रश्नातल्या प्रत्येक व्यवहारावर पेन्सिलीने बरोबरची खूण करत जा आणि नोंदीबरोबर तिचं स्पष्टीकरणही वाचा. स्पष्टीकरणात ‘भाडे दिल्याबद्दल’ लिहिलेलं असतं आणि वर खातं माणसाचं दिसतं.