नाग की धामण? फोटोत फण्याआधी ओठ बघा

फणा नाही म्हणून धामण, असं ठरवू नका. शांत नागाची मानही बारीकच दिसते. शिवाय चिडलेली धामण मान फुगवते, पण ती वर-खाली; नागाचा फणा बरगड्या पसरून आडवा चपटा होतो. बाजूने काढलेल्या फोटोत नेमकी इथेच फसगत होते.

म्हणून डोकं झूम करा. धामणीच्या ओठांवरच्या खवल्यांच्या कडांना काळ्या उभ्या रेघा असतात, शेपटीकडे काळ्या कडांचे खवले जाळीसारखे दिसतात. नागाच्या वरच्या ओठाचा तिसरा मोठा खवला नाकाच्या खवल्यापासून थेट डोळ्याला टेकतो. धामणीत मध्ये छोटे खवले येतात. फोटो अंधुक असेल तर नागच समजा, आणि जवळून दुसरा काढायला जाऊ नका.