लॉच्या पेपरात आणि असाइनमेंटमध्ये केस अन् कलमं कशी लिहायची: वेळ न घालवता

पेपरच्या आदल्या रात्री मुलं सायटेशनमधले पान नंबर पाठ करत बसतात आणि त्यांना हे करायला सांगणारे सीनियर्सही भेटतात, त्याचा मला खरंच राग येतो. पेपरात पान नंबर नसला तर सहसा काही बिघडत नाही, पण चुकीचा लिहिला तर तपासणाऱ्याचा बाकीच्या उत्तरावरचाही विश्वास उडतो.

आधी पद्धत ठरवा. कॉलेजने दिली असेल तर तीच, नसेल तर एआयआर किंवा एससीसी यातलं एक रिपोर्टर धरा आणि शेवटपर्यंत बदलू नका.

पेपरात केसचं छोटं नाव लिहून अधोरेखित करा, कंसात वर्ष टाका, बस्स.

आता खरी गडबड होते ती या वर्षातच. निकाल लागलेलं वर्ष आणि रिपोर्टरमध्ये छापलेलं वर्ष नेहमी एक नसतं. नानावटी केसचा सुप्रीम कोर्टाचा निकाल नोव्हेंबर १९६१ चा, पण सायटेशन एआयआर १९६२ एससी ६०५. आधारचा पुट्टस्वामी निकाल सप्टेंबर २०१८ चा, एससीसीत तो (२०१९) १ एससीसी १ असा मिळतो. त्यात पुट्टस्वामी नावाचे गाजलेले निकाल दोन, प्रायव्हसीचा नऊ न्यायाधीशांचा २०१७ चा आणि आधारचा पाच न्यायाधीशांचा, त्यामुळे नुसतं 'पुट्टस्वामी' लिहिलंत तर कोणता ते कळणारच नाही. माझं ठाम मत, कंसात कायम रिपोर्टरचंच वर्ष टाका, कारण पुढे असाइनमेंटमध्ये पूर्ण सायटेशन लिहाल तेव्हा तेच येणार आहे. निकालाची तारीख सांगायचीच असेल तर वाक्यात लिहा, '१९६१ साली कोर्टाने म्हटलं' असं. आणि नोट्स काढतानाच नावाशेजारी हे एकच वर्ष लिहून ठेवा, दोन्ही लिहिलीत की पेपरात हमखास सरमिसळ होते.

कलमांचं तसंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, पण जुन्या निकालांमध्ये आयपीसीचीच कलमं आहेत. म्हणून प्रश्नातली घटनेची तारीख आधी बघा. १ जुलै २०२४ ला किंवा नंतर घडलेलं असेल तर बीएनएस, आधीचं असेल तर आयपीसी, मग खटला कधीही चालू दे. तारीखच दिली नसेल तर नवीन कायदा धरा आणि जुनं कलम शेजारी एकदाच नोंदवा. दर ओळीत दोन्ही कलमं लिहू नका, वेळ जातो आणि वाचणाराही वैतागतो.

समजा प्रश्न असा आहे की ऑगस्ट २०२४ मध्ये एकाला बायकोच्या संबंधांबद्दल कळतं, तो घरी जाऊन पिस्तूल घेतो आणि दोन तासांनी त्या माणसाला गोळी घालतो. उत्तर असं लिहायचं:

'बीएनएस कलम १०१, अपवाद १ (आधीचं आयपीसी कलम ३००, अपवाद १) नुसार गंभीर आणि अचानक प्रक्षोभामुळे माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटलेला असावा लागतो. मध्ये राग शांत व्हायला वेळ मिळाला असेल तर हा अपवाद मिळत नाही: नानावटी (१९६२). इथे दोन तास गेले आणि मध्ये शस्त्र मिळवलं, म्हणून अपवाद लागू होण्याची शक्यता कमी.'

आधी कलम, मग नियम, नियमाच्या वाक्याला चिकटून केस आणि लगेच प्रश्नातली फॅक्ट्स. नानावटीची अख्खी गोष्ट सांगत बसू नका, तपासणाऱ्याला ती माहीत असते. यापुढे त्याच उत्तरात 'कलम १०१' एवढंच पुरे.

असाइनमेंटमध्ये पहिल्यांदा पूर्ण लिहा: के. एम. नानावटी वि. महाराष्ट्र राज्य, एआयआर १९६२ एससी ६०५, आणि ज्या मुद्द्यासाठी केस घेतली त्याचा पॅराग्राफ नंबर. तो निकाल उघडून स्वतः बघूनच लिहा, दुसऱ्याच्या लेखातल्या तळटिपेवरून उचलू नका, दुसऱ्या रिपोर्टरमध्ये पॅरा नंबर वेगळे असू शकतात.

पुढच्या वेळी 'नानावटी, तळटीप ३' एवढंच. फक्त तो ३ हाताने टाइप करू नका, नंतर वर एखादी तळटीप घुसवली की सगळे आकडे सरकतात आणि तुमचा ३ तिथेच राहतो. वर्डमध्ये क्रॉस-रेफरन्सने टाका. 'उपरोक्त' हा शब्द तर शेवटचा ड्राफ्ट होईपर्यंत वापरूच नका, कारण मध्ये नवीन तळटीप आली की तो भलत्याच केसकडे बोट दाखवतो. सबमिट करण्याआधी एखाद्या तळटिपेत क्लिक करून `Ctrl+A` आणि मग `F9` दाबा, म्हणजे आकडे अपडेट होतील, मुख्य मजकुरात क्लिक करून हेच केलंत तर तळटिपांमधले आकडे जुनेच राहतात.