विद्युत अपघटनात धातू किती जमा झाला? या चुका टाळा

बारावीच्या मुलांचे गणितांचे फोटो मला रोज संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. 'सर, उत्तर जुळत नाही', एवढाच मजकूर. परवाच्या फोटोतलं गणित असं होतं: कॉपर सल्फेटच्या द्रावणातून २.५ अँपिअर करंट ४० मिनिटं सोडला, तर कॅथोडवर किती ग्रॅम तांबं जमा होईल? तांब्याचं मोलर मास ६३.५. मुलीचं उत्तर होतं ३९.५ ग्रॅम, पुस्तकातलं १.९७.

अशा वेळी सूत्र तपासण्याआधी मी दोन उत्तरांचा भागाकार करून बघतो. ३९.५ भागिले १.९७ म्हणजे जवळपास २०. वीस ही एका चुकीची खूण नाही, दोन चुकांची आहे: एक दहापट आणि एक दुप्पट. दहापट म्हणजे दशांश चिन्ह हरवलं. फोटो मोठा करून पाहिला, तर २.५ मधला टिंब पानाच्या घडीच्या सावलीत गेला होता आणि तिने तो आकडा २५ वाचला होता. दुप्पट कुठून आली, ते इलेक्ट्रॉनमध्ये सापडलं.

आधी गणित नीट करून घेऊ. ४० मिनिटं म्हणजे २४०० सेकंद. चार्ज = २.५ × २४०० = ६००० कूलॉम. एक मोल इलेक्ट्रॉनांचा चार्ज ९६५०० कूलॉम, म्हणून ६००० ÷ ९६५०० = ०.०६२२ मोल इलेक्ट्रॉन. इथेच थांबून कॅथोडवरची अभिक्रिया लिहायची:

```
Cu²⁺ + 2e⁻ → Cu
```

तांब्याच्या एका अणूला दोन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून तांबं निम्मं: ०.०३११ मोल. त्याला ६३.५ ने गुणलं की १.९७ ग्रॅम.

मुलीने ही ओळ लिहिलीच नव्हती. फोटोत Cu वरचे बारीक 2+ वहीच्या रेघेवर आले होते, त्यातलं फक्त + दिसत होतं. तिने एकच इलेक्ट्रॉन धरला आणि उत्तर दुप्पट झालं. खरं तर फोटो कितीही पुसट असला तरी हे सुटतं: सल्फेटवर दोन ऋण भार असतात, म्हणजे CuSO₄ मधल्या तांब्यावर दोन धन भार असणारच.

याच्या उलटी चूकही नेहमी दिसते. इलेक्ट्रॉनांच्या संख्येने भागायचं सोडून गुणलं, तर उत्तर चौपट, म्हणजे ७.९ ग्रॅम येतं. मिनिटांचे सेकंद करायचे राहिले, तर साठावा हिस्सा, ०.०३३ ग्रॅम. मोलर मासच्या जागी निळ्या स्फटिकांचं, म्हणजे CuSO₄·5H₂O चं २४९.७ वापरलं, तर ७.७६. कॅथोडवर बसतं ते नुसतं तांबं. सल्फेट आणि पाणी द्रावणातच राहतात. ७.९ आणि ७.७६ जवळजवळ असल्यामुळे इथे मात्र नुसत्या भागाकारावर विसंबू नका, पायऱ्या वाचा.

आता क्रोमिअम. इथे मला फार काळजी वाटते, कारण हुशार मुलंही इथे अडकतात. Cr₂(SO₄)₃ दिसलं की कोणी खालचा 2 उचलतो, कोणी दोन अणूंचे मिळून सहा इलेक्ट्रॉन धरतो आणि मोलर मास मात्र एकाच अणूचं, ५२, घेतो. आपण एका अणूचा हिशेब करतोय. Cr³⁺ ला तीन इलेक्ट्रॉन, म्हणून त्याच ६००० कूलॉममध्ये १.०८ ग्रॅम. पण नळांवर चकचकीत क्रोम चढवण्याची जुनी पद्धत क्रोमिक आम्लाची. त्यात क्रोमिअम +6 अवस्थेत असतं, तिथे खरोखरच सहा इलेक्ट्रॉन लागतात आणि हिशेबाने जेमतेम ०.५४ ग्रॅम मिळतं. म्हणजे धातूचं नाव पाहून इलेक्ट्रॉन ठरत नाहीत. द्रावणात तो कोणत्या अवस्थेत आहे, ते पाहावं लागतं. त्या टाकीत प्रत्यक्षात याहूनही खूप कमी क्रोमिअम बसतं, कारण बराचसा चार्ज हायड्रोजन वायू तयार करण्यात जातो. गणितात कार्यक्षमता दिली नसेल, तर ती शंभर टक्के धरायची. दिली असेल, तर आधी चार्जला लावायची.

फोटोची खालची कडा कापलेली नाही ना, हेही बघा. मुलीच्या फोटोत शेवटची ओळ अर्धी होती. मी पूर्ण पान मागवलं, तर पुढे होतं: 'याच करंटला एकसर जोडलेल्या सिल्व्हर नायट्रेटच्या सेलमध्ये किती चांदी जमा होईल?' एकसर जोडणीत दोन्ही सेलमधून चार्ज तोच जातो, म्हणून पहिल्यापासून सुरुवात नको. ०.०६२२ मोल इलेक्ट्रॉन हाताशी आहेत, Ag⁺ ला एकच लागतो, मोलर मास १०७.९. उत्तर ६.७१ ग्रॅम. हे तिने पाच मिनिटांत सोडवून पाठवलं, आणि या वेळी अभिक्रियेची ओळ सगळ्यात वर लिहिली होती.