प्रबंध आणि व्हायवासाठी रजा टाकताय? या चुका टाळा

नोकरी सांभाळून पार्ट-टाइम एम.ई. करणारा कुणी ना कुणी दरवर्षी मला सांगतो, "सर, दहा दिवसांची रजा टाकलीय, सबमिशन आणि व्हायवा एकदमच उरकतो." हे 'उरकतो' ऐकलं की माझं डोकं फिरतं.

सबमिशनचा दिवस बराचसा आपल्या हातात असतो, व्हायवाचा नसतो. प्रबंध जमा झाला की बाहेरच्या परीक्षकांकडे प्रत जाते. त्यांची, गाइडची आणि विभागाची सवड जुळली की मग पत्र निघतं. मीही हा शहाणपणा केलाय. गाइड म्हणाले, "पुढच्या आठवड्यात होईल बहुतेक." त्यातलं 'बहुतेक' मी ऐकलंच नाही आणि सलग नऊ दिवस रजा घेतली. दोन दिवसांत प्रबंध जमा झाला, उरलेले सात फोनकडे बघत गेले. तारीख लागली पाच आठवड्यांनी, नेमकी कारखान्याच्या शटडाउनमध्ये. साहेबांनी विचारलं, "तुमची परीक्षा झाली ना मागच्या महिन्यात?" अर्जात मीच तसं लिहिलं होतं, काय बोलणार! रात्रपाळी करून तशाच तारवटलेल्या डोळ्यांनी व्हायवाला गेलो.

तेव्हापासून मी सगळ्यांना दोन अर्ज करायला लावतो. पहिला फक्त सबमिशनचा, दोन दिवसांचा, कारण गाइड, विभागप्रमुख, ग्रंथालय आणि फीची खिडकी एका दिवसात कधीच भेटत नाहीत. त्याच्या शेवटी एक ओळ: "तोंडी परीक्षेची तारीख कळताच त्यासाठी दोन दिवसांच्या रजेचा स्वतंत्र अर्ज पत्रासह सादर करीन." साहेबांना आधीच कल्पना असली की दुसरा अर्ज अडत नाही. तो पत्र हातात पडेल त्याच दिवशी द्यायचा. एक दिवस व्हायवाचा, एक आदल्या दिवसाचा. गाइडच्या व्हॉट्सॲप मेसेजवर रजा मागू नका.

दुसरी चूक, साम्य-तपासणीचा अहवाल येण्याआधीच रजा टाकणं. यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. 10 च्या वर 40 पर्यंत गेलं तर प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागतो आणि तुमची रजा घरी बसून परिच्छेद बदलण्यात जाते. घाईघाईत जुन्या प्रबंधातून 'संदर्भ-आढावा' उचलणाऱ्यांचं हेच होतं, आणि मला त्यांची फारशी दयाही येत नाही. अहवाल हातात, मग अर्ज.

सरकारी नोकरीत असाल तर नैमित्तिक रजा अर्जित रजेला जोडता येत नाही.

अर्जात 'घरगुती कारण' लिहू नका. पदवी मिळाल्यावर सेवापुस्तकात नोंद मागायला त्याच साहेबांकडे जायचंय. प्रवेश घेताना ऑफिसची परवानगी घेतली नसेल, तर ती गोष्ट रजेच्या अर्जातून बाहेर येऊ देऊ नका, आधी समोर बसून सांगा.

आणि एक रजा शिल्लक ठेवा. परीक्षक दुरुस्त्या सुचवतातच, त्यांवर गाइडची सही घेऊन पक्क्या बांधणीच्या प्रती द्यायला पुन्हा एक चक्कर पडते.